खून, सदोष मनुष्यवध आणि बचाव: कार्डे पाठ आहेत, पण प्रश्न सुटत नाही

रानजाई

नमस्कार. पुढच्या महिन्यात माझा फौजदारी कायद्याचा पेपर आहे. तीन तासांचा पेपर असून बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येत नाही. भारतीय न्याय संहितेवर मी एकूण 240 फ्लॅशकार्डे तयार केली आहेत. एका बाजूला कलमाचा क्रमांक आणि दुसऱ्या बाजूला त्या कलमाचे सर्व घटक, अशी त्यांची रचना आहे. दोन महिने रोज फिरवल्यामुळे कोणतेही कार्ड काढले तरी मला उत्तर देता येते.

तरीही मागच्या आठवड्यातील सराव परीक्षेत मला 20 पैकी 8 गुण मिळाले. प्रश्न असा होता: 'ख' हा 'क' ला चारचौघांत शिवीगाळ करून थप्पड मारतो आणि निघून जातो. 'क' घरी जातो, लोखंडी कांब घेतो आणि वीस मिनिटांनी परततो. त्याला येताना पाहून 'ख' काठी उचलतो. 'क' त्याच्या डोक्यावर एकच घाव घालतो. तिसऱ्या दिवशी 'ख' रुग्णालयात मरण पावतो. उपचाराला उशीर झाला नसता तर तो वाचला असता, असे डॉक्टर सांगतात. 'क' ची जबाबदारी ठरवा.

मी 100, 101 आणि 103 ही कलमे जवळजवळ शब्दशः लिहिली, अपवादही लिहिले. तपासणाऱ्यांनी समासात एवढेच लिहिले होते: "कायदा आहे, प्रश्न कुठे आहे?" माझी कार्डे चुकीची आहेत, की मी ती चुकीच्या पद्धतीने वापरते आहे, हे मला समजून घ्यायचे आहे.

मनमोर

कलमांचे क्रमांक लक्षात राहत नसतील तर मी वापरतो ती पद्धत सांगतो. मी प्रत्येक शंभरामागे एक खोली कल्पतो आणि त्या खोलीतील वस्तूंना क्रमांक देतो. सर्वसाधारण अपवाद 14 पासून 44 पर्यंत आहेत, म्हणून ते माझ्या अंगणात आहेत आणि खून पहिल्या खोलीच्या दाराशी आहे.

माझा एक अनुभव मात्र आवर्जून सांगतो, कारण त्याने माझे एक वर्ष वाया घालवले. मला एका वरिष्ठ विद्यार्थ्याकडून तयार कार्डांचा गठ्ठा मिळाला होता आणि तो संपूर्ण गठ्ठा 1860 च्या भारतीय दंड संहितेवर बेतलेला होता. "302 म्हणजे खून" इतके घट्ट बसले होते की पेपरात मी तेच लिहिले. न्याय संहितेत 302 हे धार्मिक भावना दुखावण्याच्या उद्देशाने शब्द उच्चारण्याचे कलम आहे आणि 304 हे हिसकावून नेण्याचे आहे. खुनाची शिक्षा 103 मध्ये गेली आहे. नुसती दुरुस्ती करून जुने कार्ड वापरू नका. ते फाडून नव्याने लिहा. खोडलेला आकडासुद्धा डोळ्यांना दिसतो आणि डोक्यात राहतो.

रानजाई

मनमोर, धन्यवाद, परंतु माझी अडचण क्रमांकांची नाही. क्रमांक मला येतात. घटनेतील कोणत्या वाक्याला कोणता नियम लावायचा, हे मला परीक्षेत दिसत नाही.

सुसाट

मी तिसऱ्या वर्षाला आहे. तुमचे उत्तर लांबले हेच चुकले. आमच्या वर्गात एक सोपे सूत्र आहे आणि ते कार्डावर लिहून ठेवण्यासारखे आहे: एकच घाव असेल तर सदोष मनुष्यवध, अनेक घाव असतील तर खून. या प्रश्नात एकच घाव आहे, त्यामुळे थेट 105 लावायचे, प्रक्षोभ आहे असे लिहायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. मृत्यू तीन दिवसांनी झाला, उपचारात उशीर झाला, हाही 'क' च्या बाजूचा मुद्दा आहेच.

जुनी दौत

मी बरीच वर्षे हा विषय शिकवला आहे आणि उत्तरपत्रिकाही पुष्कळ तपासल्या आहेत. सुसाट यांच्या उत्तरात एक गोष्ट खरी आहे आणि दोन चुकीच्या आहेत. त्या दोन्ही चुका कार्डांमुळेच पसरतात, म्हणून आधी त्यांविषयी लिहितो.

घावांची संख्या हा उद्देश ओळखण्याचा एक पुरावा असतो, एवढे खरे आहे. एकच घाव पाहून अनेक खटल्यांत आरोपीला सौम्य तरतुदीचा लाभ मिळालेला आहे. परंतु तो नियम नाही. विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 1958 च्या निवाड्यात पोटात भाल्याचा एकच वार होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो खूनच ठरवला. आरोपीला नेमकी तीच जखम करायची होती का, हे न्यायालयाने पाहिले. ती योगायोगाने झालेली नव्हती. त्यानंतर ती जखम सर्वसामान्य निसर्गक्रमानुसार मृत्यू घडवण्यास पुरेशी होती का, हे वस्तुनिष्ठपणे पाहिले. ती पुरेशी आहे हे आरोपीला ठाऊक असण्याची गरज नाही. म्हणजे "एक घाव म्हणजे 105" हे कार्ड ज्याच्याकडे आहे, तो या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या निवाड्याच्या विरुद्ध उत्तर लिहील.

दुसरी चूक उपचाराविषयीची. योग्य उपचार मिळाले असते तर मृत्यू टळला असता, एवढ्याने जखम करणारा सुटत नाही. कलम 100 च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात हे सरळ लिहिले आहे. प्रश्न काढणारा ते वाक्य मुद्दाम घालतो. ज्याला स्पष्टीकरण आठवते तो दोन ओळी लिहून पुढे जातो. ज्याला आठवत नाही तो तिथेच अर्धे पान खर्च करतो.

आता रानजाई, तुमच्याकडे वळतो. तुमच्या कार्डाच्या दर्शनी बाजूला "कलम 101" असे लिहिलेले आहे. प्रश्नपत्रिकेत ते कधीच लिहिलेले नसते. तिथे "वीस मिनिटांनी परततो" असे लिहिलेले असते. तुम्ही दोन महिने ज्या खुणेवरून उत्तर आठवण्याचा सराव केला, ती खूण परीक्षेत मिळतच नाही. घटक येण्यासाठी ही कार्डे लागतातच, म्हणून ती टाकू नका. त्यांच्या जोडीला दोन प्रकारची कार्डे आणखी हवीत.

पहिल्या प्रकारात दर्शनी बाजूला घटनेचे एकच वाक्य असावे आणि मागे त्याने कोणता प्रश्न उभा राहतो तेवढेच असावे. उदाहरणार्थ, पुढे: "अपमानानंतर आरोपी घरी जाऊन शस्त्र घेऊन येतो." मागे: "आकस्मिक प्रक्षोभ टिकतो का? संयम परत यायला वेळ मिळाला का? नानावटी." के. एम. नानावटी खटल्यात आरोपी घरातून निघाल्यापासून गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते आणि तेवढा वेळ सावरायला पुरेसा होता, असे न्यायालयाने 1961 मध्ये म्हटले. मागच्या बाजूला निष्कर्ष लिहू नका, प्रश्न लिहा. तीन तासांवरचा निर्णय वीस मिनिटांना आपोआप लागू होत नाही. तिथे तुम्हाला युक्तिवाद करावा लागतो आणि गुण त्या युक्तिवादाला असतात.

दुसऱ्या प्रकारात जुळ्यासारख्या दिसणाऱ्या दोन नियमांतील फरक असावा. कलम 100 मध्ये "मृत्यू घडण्याचा संभव असलेली" जखम आहे, तर 101 च्या तिसऱ्या प्रकारात "मृत्यू घडवण्यास पुरेशी" जखम आहे. सगळा विषय या दोन शब्दांच्या मधल्या फटीत आहे. दोन्ही कलमे वेगवेगळ्या कार्डांवर असली की दोन्ही पाठ होतात, पण फट दिसत नाही.

रानजाई

सर, हे वाचून मी माझी कार्डे पुन्हा पाहिली. मनुष्यवधावर माझी 41 कार्डे आहेत आणि त्यांतील एकाही कार्डाच्या दर्शनी बाजूला घटना नाही. आता मुद्द्यांच्या चेकलिस्टविषयी विचारते. मी ती तयार केली आहे, परंतु ती 26 ओळींची झाली आहे आणि परीक्षेच्या ताणात मला तिच्यातील निम्म्याच ओळी आठवतात.

शांतला

मी नोकरी सांभाळून हा पेपर दिला, त्यामुळे माझ्याकडे संध्याकाळचा एकच तास असायचा. 26 ओळींची चेकलिस्ट ही चेकलिस्ट नसून टिपणे झाली. माझी सहा शब्दांची होती: तारीख, मृत्यू, मन, पूर्ण बचाव, अपवाद, शिक्षा. पहिली अक्षरे "ता मृ म पू अ शि". उत्तरपत्रिका हातात पडली की पहिल्या मिनिटात मी ती अक्षरे शेवटच्या पानावर लिहायचे आणि कच्चे काम असे लिहून तिरकी रेघ मारायचे. त्यानंतर प्रश्न वाचताना घटनेतील प्रत्येक वाक्यासमोर यांपैकी एक अक्षर लिहायचे. एखादे वाक्य अक्षराविना राहिले, तर माझे काहीतरी सुटले आहे हे तिथेच कळायचे, कारण प्रश्न काढणारे सहसा रिकामे वाक्य लिहीत नाहीत.

"तारीख" हा शब्द मी मनमोर यांच्यासारख्याच चुकीनंतर घातला. न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. घटना त्याआधीची दिली असेल तर दंड संहिताच लावावी लागते. प्रश्नात तारीख नसेल तर हा टप्पा एका सेकंदात ओलांडायचा.

कार्डे फिरवण्याविषयी एक सांगते. उलटण्याआधी उत्तर कागदावर लिहिल्याशिवाय मी कार्ड उलटत नसे. मनात म्हटलेले उत्तर नेहमी बरोबरच वाटते. शिवाय ज्या कार्डाच्या मागे यादी आहे, त्याच्या पुढे आकडा लिहा. खासगी संरक्षणाचा हक्क मृत्यू घडवण्यापर्यंत केव्हा पोहोचतो, याचे कलम 38 मध्ये सात प्रसंग आहेत. माझ्या कार्डावर पुढे "सात" असे ठळक लिहिले होते. त्याआधी मी दर वेळी पाचांवर थांबायचे आणि मला यादी संपली असेच वाटायचे. गैरपणे कोंडून ठेवणे आणि अ‍ॅसिड हल्ला हे दोन प्रसंग माझ्याकडून हमखास सुटायचे.

सुसाट

विरसा सिंगचा मुद्दा मान्य आहे; मी तो निवाडा नावापुरताच वाचला होता. परंतु एक शंका आहे. 'ख' ने काठी उचलली होती. मग 'क' ला खासगी संरक्षणाचा हक्क का मिळू नये? आणि हक्क मर्यादेबाहेर गेला असे मानले, तर 101 चा दुसरा अपवाद लागून पुन्हा 105 च येते. म्हणजे माझे उत्तर वेगळ्या वाटेने बरोबर ठरते.

जुनी दौत

शंका चांगली आहे आणि चेकलिस्टमधील क्रम का महत्त्वाचा असतो ते यावरून दाखवता येईल. हाच प्रश्न शांतला यांच्या सहा शब्दांवर चालवून पाहू.

तारीख दिलेली नाही, म्हणून न्याय संहिता. मृत्यू: घाव आणि मृत्यू यांच्यात तीन दिवस आणि उपचारातील उशीर आहे, पण दुसऱ्या स्पष्टीकरणामुळे कारणाची साखळी तुटत नाही. मन: ठार मारण्याचाच उद्देश होता असे ठामपणे म्हणता येणार नाही; परंतु डोके हे मर्मस्थान, कांब जड, घाव हेतुपुरस्सर. जखम पुरेशी होती असे वैद्यकीय पुराव्यावरून दिसत असेल तर 101 चा तिसरा प्रकार लागतो. त्या पुराव्याबद्दल प्रश्न मौन बाळगतो, म्हणून "पुरेशी असल्यास" असे लिहून पुढे जावे. पुष्कळ विद्यार्थी इथे स्वतःच वैद्यकीय तथ्य निर्माण करतात आणि गुण गमावतात.

आता पूर्ण बचाव. खासगी संरक्षणाचा हक्क गुन्ह्याविरुद्ध मिळतो. 'क' कांब घेऊन चालून येत असताना 'ख' ने काठी उचलली, म्हणजे त्या क्षणी संरक्षणाचा हक्क 'ख' बजावत होता. जे कृत्य हक्काचा वापर आहे ते कलम 34 नुसार गुन्हाच नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध 'क' ला हक्क मिळत नाही. थप्पड मारली गेली तेव्हा 'क' ला हक्क होता. 'ख' निघून गेला आणि धोका संपला, तेव्हा तो हक्कही संपला. सुसाट, दुसरा अपवाद "हक्क मर्यादेबाहेर वापरला" असे म्हणतो. जो हक्क मुळात नव्हता तो मर्यादेबाहेर जाऊ शकत नाही. यासाठी कार्ड असे करा. पुढे: "101 चा दुसरा अपवाद केव्हा तपासायचाच नाही?" मागे: "हक्क सुरूच झाला नसेल किंवा संपला असेल तेव्हा."

मग उरलेले अपवाद. प्रक्षोभ गंभीर होता का? चारचौघांतील थप्पड हा युक्तिवादाचा विषय आहे. आकस्मिक होता का? वीस मिनिटे आणि शस्त्र आणायला जाणे या दोन्ही गोष्टी 'क' च्या विरुद्ध जातात. आकस्मिक भांडणाच्या चौथ्या अपवादात आधी कुणी डिवचले हे पाहिले जात नाही, म्हणून तो पहिल्या नजरेला मोहक वाटतो. परंतु पूर्वयोजना नसणे आणि गैरफायदा न घेणे या त्याच्या अटी आहेत. काठीच्या समोर कांब, आणि तीही घरून आणलेली. माझ्या मते अपवाद टिकत नाहीत आणि उत्तर 103 कडे झुकते. एखाद्या विद्यार्थ्याने वीस मिनिटांवर नीट युक्तिवाद करून 105 लावले, तर मी त्याचे गुण कापणार नाही.

शेवटी शिक्षा दोन ओळींत: 103 खाली मृत्युदंड किंवा जन्मठेप, आणि द्रव्यदंड. पर्याय म्हणून 105 चा पहिला भाग सांगावा, म्हणजे जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षे कारावास, आणि द्रव्यदंड.

शांतला

सर, क्रमाविषयी माझे थोडे वेगळे मत आहे. हक्क लागू झाला तर गुन्हाच उरत नाही. मग आधी "मन" ठरवण्यात पाऊण पान घालवण्याऐवजी पूर्ण बचाव "मृत्यू" च्या लगेच नंतर का तपासू नये? माझ्या पेपरात मी तसेच केले होते आणि वेळ वाचला होता.

जुनी दौत

वेळ वाचतो हे मान्य आहे. परंतु अपवादाखाली आपले प्रकरण येते हे आरोपीला दाखवावे लागते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 108 मध्ये तो भार त्याच्यावर आहे. अभियोग पक्षाने काय सिद्ध केले हे आधी आणि आरोपीचे म्हणणे नंतर, हा न्यायालयातील क्रम उत्तरातही शोभतो. बचाव उघडउघड यशस्वी होत असेल, तर तुमचा क्रम चालेल. मला तो सवयीचा वाटत नाही, एवढेच.

मनमोर

मी रानजाई यांचा प्रश्न आधी चुकीचा वाचला होता, त्याबद्दल क्षमस्व. घटनेची कार्डे मी काल तयार करून पाहिली. एक अडचण आली: तेच वाक्य चार वेळा वाचल्यावर मला घटना न वाचताच उत्तर आठवू लागले. कार्डाच्या कोपऱ्यावरील शाईचा डाग पाहूनच "नानावटी" असे तोंडातून निघाले.

शांतला

तसे होतेच. एका मुद्द्यासाठी तीन वेगवेगळी वाक्ये लिहा आणि त्यांतील एकात मुद्दा लागू होणार नाही असे ठेवा. "शस्त्र घेऊन येतो" याच्या जोडीला "शेजारी पडलेली वीट उचलतो" असे वाक्य हवे. दोन्हींची उत्तरे सारखी येऊ लागली तर कार्ड पाठ झाले आहे आणि नियम झालेला नाही, असे समजा.

रानजाई

दहा दिवसांनी लिहीत आहे. मनुष्यवधाची 41 कार्डे मी 30 वर आणली आणि त्यांतील 18 वर आता घटना आहे. काल मैत्रिणीने काढलेला नवा प्रश्न घड्याळ लावून सोडवला. 'ता मृ म पू अ शि' शेवटच्या पानावर लिहिले आणि प्रत्येक वाक्यासमोर अक्षर टाकले. एका वाक्यासमोर काहीच लिहिता येईना: "क ने त्या संध्याकाळी स्वतःहून मद्यपान केले होते." मी ते "पूर्ण बचाव" मध्ये टाकले आणि लगेच खोडले, कारण कलम 23 इच्छेविरुद्ध दिलेल्या नशेसाठी आहे. मग "मन" मध्ये टाकले. ते बरोबर होते का?

जुनी दौत

"मन" मध्येच. कलम 24 नुसार स्वेच्छेने मद्यपान केलेल्या माणसाला नशा नसताना जी जाणीव असती, तीच जाणीव होती असे धरले जाते. उद्देशाबद्दल मात्र ते कलम तसे गृहीत धरायला सांगत नाही. तो परिस्थितीवरून ठरवावा लागतो. बसदेव विरुद्ध पेप्सू राज्य या 1956 च्या निवाड्यात हा भेद केलेला आहे. म्हणून कार्डाच्या मागे दोन शब्द समोरासमोर लिहा, जाणीव आणि उद्देश, आणि पहिल्याखालीच बरोबरची खूण करा.

सुसाट

मग विरसा सिंगचे काय करायचे? तिसऱ्या प्रकारात जखम करण्याचा उद्देश लागतो. मद्यधुंद माणसाचा डोक्यावरचा घाव "हेतुपुरस्सर" होता हे कशावरून ठरवायचे? या वेळी मला सूत्र नको आहे, खरोखरच विचारतो आहे.

जुनी दौत

तो कितपत भानावर होता, यावरून. कांब आणायला घरापर्यंत चालत गेला, वाट चुकला नाही, माणूस ओळखला, डोक्यावर नेम धरला, या गोष्टी प्रश्नात असतील तर उद्देश दिसतो. त्या नसतील तर 105 च्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे केवळ जाणिवेकडे जाण्याचा युक्तिवाद उभा राहतो. दोन्ही बाजूंनी लिहिलेली चांगली उत्तरे मी पाहिली आहेत. रानजाई, मैत्रिणीच्या प्रश्नात 'क' कसा चालत आला होता, याबद्दल काही लिहिले आहे का ते पाहा.

रानजाई

आत्ता पाहिले. "अडखळत" असा एक शब्द आहे. मी त्यासमोर कोणतेच अक्षर लिहिले नव्हते.